आजीच्या लोणच्याला कुणाचंही नाव न वापरता नाव देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आणि माझी मावसबहीण मुलुंडला घरातून लोणची करून विकतो. पाककृती आमच्या आजीची, गुहागरकडची. नाव ठरवायला आम्हाला कैरीचा एक अख्खा हंगाम लागला. त्यानंतर ओळखीतल्या बायका नावाबद्दल जे विचारत राहिल्या, त्याची ही उत्तरं.

पाककृती आजीचीच आहे, मग तिचंच नाव द्यायला काय हरकत आहे?

भावना म्हणून काहीच हरकत नाही. अडचण पुढे येते, आणि ती पहिल्यांदा घरातच येते. आमच्या आजीला नऊ नातवंडं. तिचं नाव बरणीवर लावायचा हक्क आम्हा दोघींनाच का, असं उद्या पुण्यातल्या मामेबहिणीने विचारलं असतं, तर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पाककृती सगळ्यांनाच मिळाली होती. ती रोज उठून करायचं कष्टाचं काम तेवढं आम्ही दोघी करत होतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 35 प्रमाणे कुणी आपलं स्वतःचं नाव प्रामाणिकपणे धंद्यासाठी वापरत असेल, तर त्याला सहसा अडवता येत नाही. आपल्या आज्यांची नावंही मोजकीच असतात. त्याच नावाची बाई पलीकडच्या गल्लीत खरोखर लोणचं घालत असेल, तर नोंदणी करूनही तुमचा हात आखडलेलाच राहतो.

तिसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही. आडनाव वाचलं की मुंबईतला मराठी माणूस चव ठरवून मोकळा होतो. हे देशस्थी, हे सारस्वती, हे मालवणी, म्हणजे हे गोड असणार, हे झणझणीत असणार. बरणी उघडण्याआधीच निकाल लागलेला असतो. लोणच्याची ओळख जातीवरून व्हावी हे मला मनापासून नको होतं. आजीच्या लोणच्याने ती कधीच मागितली नव्हती. चाळीतल्या सगळ्या खोल्यांत ते जायचं.

'आजीचं लोणचं' हे तर कुणाचं नाव नाही. ते चालेल?

व्यक्तीचं नाव नाही, हे खरं. पण ते प्रत्येकीच्या आजीचं आहे, म्हणूनच ते कुणा एकीचं होत नाही. याच कायद्याच्या कलम 9 नुसार मालाचं नुसतं वर्णन करणारे शब्द एकाच व्यापाऱ्याला राखून देता येत नाहीत. 'लोणचं' हे मालाचंच नाव, आणि 'आजीचं' म्हणजे जुन्या पद्धतीचं असा बाजारात रूढ झालेला अर्थ. आजी, नानी, दादी, आई असे शब्द घेतलेल्या खाण्याच्या मालाची इतकी गर्दी आहे, की गिऱ्हाइकाला चव आठवते आणि बरणी कुणाची होती ते आठवत नाही. मागच्या वर्षीचं लोणचं आवडलेली बाई या वर्षी दुसऱ्याच आजीकडून मागवते.

माई, अक्का, ताई, काकू यांचंही तसंच. शिवाय 'माई' म्हटलं की लगेच 'कोण माई?' हा प्रश्न येतो. नात्याचा शब्द हळूहळू माणसाचं नाव होऊन बसतो, आणि आपण टाळत होतो तिथेच परत येतो.

मग नाव शोधायचं कुठे?

आजीच्या तोंडात. तिच्या नावापेक्षा तिच्या बोलण्यात, आणि बोलण्यापेक्षाही तिच्या हातांच्या सवयींत.

आम्ही पाककृती पुन्हा लिहून काढली, पण प्रमाणाची नाही. आजी काय करायची आणि करताना काय म्हणायची, तेवढंच लिहिलं. मावशीला समोर बसवलं आणि तिला आठवेल तसं, तिच्याच शब्दांत सांगायला सांगितलं. ते साधारण असं उतरलं: कैऱ्या धुऊन, पुसून, पुन्हा पंचावर पसरून कोरड्या करायच्या. फोडींना मीठ-हळद लावून रात्रभर ठेवायचं. सुटलेलं पाणी फेकायचं नाही, तोच खार. बरणी उन्हात तापवायची, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर पालथी धरायची, म्हणजे हिंगाची धुरी आत बसते. मेथी तळून कुटायची. मोहरीची डाळ पळीने मोजायची. फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय ओतायची नाही. बरणीच्या तोंडावर दादरा बांधायचा. आठ दिवस रोज एकदा ढवळायचं. कुणी घाई केली की "मुरू दे गं" म्हणायचं. आणि वर्षभर बरणीपाशी जाणाऱ्या प्रत्येकाला बजावायचं, "कोरड्या हाताने घे."

या एका परिच्छेदात दहा-बारा नावं दडलेली आहेत. त्यातलं एकही माणसाचं नाव नाही, तरी प्रत्येक आमच्याच आजीचं आहे. तुमची आजी वऱ्हाडातली असेल तर शब्द वेगळे निघतील, आगरी घरातली असेल तर आणखी वेगळे. नाव एकमेकांसारखं होऊ नये याची सगळ्यात चांगली हमी हीच आहे. एक सूचना मात्र आहे: हे काम आठवणारी माणसं घरात आहेत तोवर करून घ्या. आम्ही मावशीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं, कारण लिहिताना आम्ही तिचे शब्द नकळत आपल्या भाषेत बदलत होतो. 'पालथी धरायची' हे माझ्या वहीत आधी 'उलटी ठेवायची' असं उतरलं होतं.

तुमच्या यादीतली नावं गळाली कशी?

हे सविस्तर सांगते, कारण खरं शिक्षण इथेच झालं. प्रत्येक नाव आम्ही तीन ठिकाणी लावून पाहिलं: मराठी घरात, रोमन लिपीत, आणि मराठी न येणाऱ्या मुंबईकराच्या कानावर. डिलिव्हरी देणारा मुलगा, वरच्या मजल्यावरची गुजराती शेजारीण आणि ऑफिसातून ऑर्डर देणारी तमिळ मैत्रीण ही सगळी आमची गिऱ्हाइकं किंवा गिऱ्हाइकाकडे जायचा रस्ता आहेत. मुंबईत नाव फक्त मराठीत जगत नाही.

'खार' मला सगळ्यात आवडलं होतं. लोणच्याचा जीवच तो. पण रोमनमध्ये `Khar` लिहिलं की ते वांद्र्याच्या पुढचं स्टेशन होतं. कुणीही विचारणार, दुकान खारला आहे का? नोंदणीच्या वेळीही ठिकाणाचं नाव वाटणाऱ्या शब्दावर कलम 9 खालीच आक्षेप येऊ शकतो, कारण माल कुठला हे सांगणारा शब्दही एकाला राखून मिळत नाही.

'दादरा' हा बरणीच्या तोंडाला बांधायचा फडका. शब्द सुरेख, चित्रही सुरेख. लेबलवर नुसता बांधलेला फडका काढला असता तरी पुरलं असतं. पण `Dadra` म्हटल्यावर दादरा-नगर हवेली आठवते, गाण्यातल्या माणसाला ताल आठवतो, आणि घाईत वाचणाऱ्याला दादर दिसतं. तरुण मराठी मुलींनासुद्धा फडक्याचा अर्थ सांगावा लागला. प्रत्येक वेळी अर्थ सांगावा लागणारं नाव चालतं, पण ते चुकीचा अर्थ सांगत असेल तर नाही.

'मुरू दे' यावर आमचं जवळजवळ ठरलं होतं. मग छपाईच्या नमुन्यात पहिला उकार पुसट आला, आणि मावशीने ते 'मरू दे' असं वाचलं. एक उकार गळला की असा अर्थ होणारं नाव खाण्याच्या वस्तूवर ठेवायचं नाही. तेव्हापासून प्रत्येक नावाची एकेक मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार काढून आम्ही ते मोठ्याने वाचतो. छोट्या लेबलवर हे होतंच.

'पळीभर' ळ मुळे गेलं. रोमनमध्ये ळ ला जागाच नाही. `Palibhar` मराठी माणूससुद्धा 'पालीभर' वाचतो, आणि खाण्याच्या बरणीवर पाल नको. तुमच्या यादीत ळ असलेला शब्द असेल तर आधी ल घालून वाचा. अर्थ निरुपद्रवी राहिला तरच पुढे जा.

'धुरी' हे नाव मावसबहिणीने सुचवलं. हिंगाची धुरी ही आजीच्या लोणच्याची खरी खूण होती. दोन दिवस आम्ही खूश होतो. तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने विचारलं, "धुरी कोण? त्यांचं लोणचं आहे का?" धुरी हे कोकणातलं आडनाव, मुंबईत घरोघरी माहीत असलेलं. ज्या गोष्टीपासून दूर राहायचं होतं, तीच मागच्या दाराने आत आली होती. मराठीत हा धोका सतत असतो, कारण आपली किती तरी आडनावं वस्तूंवरून, कामांवरून आणि गावांवरून आलेली आहेत. पोळ, लोणकर, दाणी, साखरे, तुपे. स्वयंपाकघरातला शब्द निवडला की तो कुणाचं आडनाव तर नाही ना, हे ओळखीच्या चार भागांतल्या माणसांना विचारा. कोकणातल्या माणसाला माहीत नसलेलं आडनाव सोलापूरच्या माणसाला माहीत असतं.

शेवटी तीन नावं उरली. त्यातलं एक आम्ही घेतलं. ते इथे सांगत नाही, कारण हे जाहिरातीसाठी लिहिलेलं नाही. न घेतलेल्या दोहोंतलं एक होतं 'कोरडा हात'. पुढच्या उत्तरांत उदाहरणाला तेच वापरते. ते टिकलं, कारण त्यात ळ नाही, ते कुणाचं आडनाव किंवा गाव नाही, आणि ते लोणच्याचं वर्णनही करत नाही. ओलावा लागला की बुरशी येते, हे लोणचं घालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, त्यामुळे नाव ऐकताच तिला ओळख पटते. त्याविरुद्धही एक मुद्दा निघाला. मावसबहिणीच्या सासूबाईंनी 'हात ओला तर मैतर भला' या म्हणीची आठवण करून दिली. त्या हिशेबाने कोरडा हात म्हणजे काही न देणारा हात. मुद्दा खरा होता. पण लोणच्याच्या बरणीशेजारी तो अर्थ कुणाच्या मनात येत नाही, हे आम्ही सात-आठ जणांना नुसतं लेबल दाखवून पाहिलं. नाव कधीही एकटं तपासू नका, वस्तूवर चिकटवून तपासा.

नावात 'कैरी' किंवा 'आंबा' घालावा का?

नको. पुढच्या हिवाळ्यात लिंबाचं लोणचं घालाल, मग ओल्या हळदीचं. पदार्थाचं नाव तसंही लेबलवर वेगळं लिहावंच लागतं.

रोमन स्पेलिंग कोणतं धरायचं?

एकच, आणि पहिल्या दिवसापासून. 'कोरडा हात' हे `Korda Haat`, `Korada Hath`, `Korda Hat` असं कसंही लिहिता येतं. शेवटचं तर इंग्रजीत टोपी होतं. आम्ही पाच जणांना फोनवर नाव सांगितलं आणि "ऐकलंत तसं मेसेज करून पाठवा" म्हटलं. जे स्पेलिंग सगळ्यात जास्त लोक आपोआप लिहितात तेच घ्या, तुम्हाला कितीही वेगळं शोभेलसं वाटलं तरी. पाच जणांनी पाच तऱ्हा लिहिल्या, तर दोष त्यांचा नाही, नावाचा आहे.

'घरगुती', 'पारंपरिक', 'अस्सल' हे शब्द नावात घेता येतात?

इथे बहुतेकींचं चुकतं, कारण हेच शब्द सगळ्यात आधी सुचतात.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, जाहिरात आणि दाव्यांबाबतचे 2018 चे नियम आहेत. त्यांत ताजं, शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक, अस्सल, मूळ या अर्थाच्या शब्दांना अटी घातल्या आहेत. 'पारंपरिक' म्हणायचं तर ती पाककृती किंवा पद्धत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आणि फारशी न बदललेली असायला हवी. आजीच्या लोणच्याला हे खरंच लागू पडू शकतं. पण आजी घाण्याचं शेंगदाणा तेल वापरत होती आणि तुम्ही आता दुसरं तेल आणि वरून प्रिझर्व्हेटिव्ह घालत असाल, तर तो शब्द वापरण्याआधी थांबा. असे शब्द ब्रँडच्या नावातच असतील आणि त्यामुळे गैरसमज होण्यासारखा असेल, तर 'हे केवळ ब्रँडनाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप सांगत नाही' अशा अर्थाची ओळ लेबलवर छापावी लागते. आजीच्या लोणच्यावर ती ओळ वाचायची माझी तयारी नाही.

'घरगुती' आणि 'घरी बनवलेलं' यांबद्दल नियम जास्त कडक आहे: गिऱ्हाइकाची चुकीची समजूत होईल असे हे शब्द वापरायचे नाहीत. आज तुम्ही खरोखर घरात करता. पण तीन वर्षांनी गाळा घेतलात तर नाव खोटं पडेल आणि तोवर जमलेली ओळख टाकून द्यावी लागेल. नावात ठेवू नका, म्हणजे प्रश्नच मिटला. 'कोरड्या हाताने' घरात काम करता येतं, तसं गाळ्यातही.

नाव आधीच कुणी घेतलंय का, हे कसं पाहायचं? नोंदणीला किती खर्च येतो?

`ipindia.gov.in` वर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध फुकट आहे. तिथे `Wordmark` निवडून `Contains` ने पाहा, आणि नंतर `Phonetic` ने पुन्हा पाहा. पहिल्या शोधात हुबेहूब अक्षरं सापडतात, दुसऱ्यात सारखं ऐकू येणारी नावं. बायका पहिला शोध करून थांबतात, पण आक्षेप बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारातल्या नावावरून येतो. प्रत्येक शक्य स्पेलिंग टाका. दोन शब्दांचं नाव असेल तर दोन्ही शब्द वेगवेगळेही शोधा.

नोंदणीसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात, त्यातला आपला वर्ग कोणता, हेही लागतं. लोणची वर्ग 29 मध्ये येतात. मसाले, मेतकूट, चटण्या वर्ग 30 मध्ये. म्हणून लोणच्यापुरताच धंदा असला तरी दोन्ही वर्गांत शोध घ्या, कारण दुकानाच्या एकाच फळीवर हे सगळं शेजारी शेजारी बसतं आणि गिऱ्हाइकाची गफलत तिथेच होते.

अर्ज `TM-A` या नमुन्यात होतो. एका व्यक्तीने किंवा लहान उद्योगाने अर्ज केला, तर दर वर्गाला ऑनलाइन 4,500 रुपये आणि कागदावर 5,000 रुपये फी आहे. ऑनलाइनसाठी डिजिटल सही लागते. ती नसेल तर मुंबईकरांना अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात कागदावर अर्ज देता येतो. आक्षेपाचा तपासणी अहवाल आला तर उत्तराला एक महिना मिळतो, म्हणून अर्जात दिलेला ईमेल बघत राहा. नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कुणीही विरोध नोंदवू शकतं. नोंदणी झाली की ती दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते.

तोवर नावापुढे ™ लावता येतं. ® मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावायचं नाही, तो गुन्हा आहे.

ब्रँडमध्ये कुणाचं नाव नसलं, तरी माझं नाव कुठेच दिसणार नाही ना?

दिसेल, आणि ते आधीच समजून घ्या. पाकिटबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक द्यावाच लागतो. घरातून धंदा म्हणजे तो पत्ता घराचाच. बरणीच्या मागच्या बाजूला तो बारीक अक्षरात असतो. समोरच्या बाजूला काय असावं, एवढंच तुमच्या हातात आहे.

दुसरी जागा मोबाइलवर पैसे घेतानाची. खातं तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर पैसे भरणाऱ्याला ब्रँडचं नाव दिसत नाही, तुमचं दिसतं. आमच्या एका गिऱ्हाईक बाईंनी भलत्यालाच पैसे जातायत असं समजून ऑर्डर रद्द केली होती. धंद्याच्या नावाने चालू खातं उघडेपर्यंत, ऑर्डर घेतानाच 'पैसे भरताना अमुक नाव दिसेल' असं आम्ही लिहून पाठवायचो.

मी दोन वर्षं आडनावाने विकतेय. आता बदललं तर गिऱ्हाईक जाईल का?

हंगामाच्या मधोमध बदलू नका. लोणच्याचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा मोठी बरणी घेतं आणि ती संपेपर्यंत तुमचं लेबल त्याच्या ओट्यावर असतं. मार्च-एप्रिलमध्ये, कैरी बाजारात यायच्या सुमारास, जुन्या यादीतल्या प्रत्येकीला नवं नाव कळवा. त्या हंगामात नव्या नावाखाली जुनं नाव लहान अक्षरात ठेवा. पुढच्या हंगामात ते काढा. लेबलचा रंग, बरणीचा आकार आणि झाकण मात्र दोन्ही वर्षं तेच राहू द्या, कारण नाव न वाचता बरणी उचलणाऱ्या बायका तुम्हाला वाटतं त्याहून जास्त आहेत. जुनी छापील लेबलं उरली असतील तर ती संपवण्यासाठी तिसरा हंगाम घेऊ नका. एकाच फळीवर दोन नावं दिसली, तर हे दोन वेगळ्या घरांचं लोणचं आहे असंच माणूस समजतो.